नीलाताईंचा व्हिडिओ आणि रमणभाईंचं शेवटचं वाक्य

कारखान्यातलं भंगार दर शनिवारी उचललं जातं. किस्से मात्र कोणी उचलत नाही, ते साठतच जातात! आणि कोणी नोकरी सोडून निघालं की सगळे एकदम अंगावर येतात.

आमच्या मकरपुऱ्याच्या कंपनीतल्या नीलाताई निघाल्या. क्वालिटीच्या प्रमुख. त्यांचं हिरवं स्टिकर लागल्याशिवाय एकही नग गेटबाहेर जात नाही. लाल लागलं, की माल परत मशीनवर! आता पुण्याच्या मोठ्या कंपनीने त्यांना बोलावून नेलं. आमच्या बडोद्याच्या बाईला! छाती फुगली आमची.

निरोपाचा व्हिडिओ करायचा ठरला. स्क्रिप्ट माझ्या गळ्यात, कारण काय, तर सगळे म्हणाले, "काका, तुमचं मराठी सारं छे!" सारं म्हणजे गुजरातीत चांगलं.

*

मी झोकात सात पानं लिहिली. ताईंचा जन्म प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, इथपासून सुरुवात. एचआरची किंजल शूटिंग करणार होती. तिने पानं नुसती हातात तोलली.

"काका, व्हिडिओ तीन मिनिटांचा आहे. हे वाचून होईपर्यंत ताई पुण्यात रिटायर होतील!"

मग तिनेच शिकवलं. सुरुवातीलाच एक हसवणारा किस्सा. प्रत्येकाने एकच आठवण सांगायची, दोन-तीन वाक्यांत. ज्यावर ताई स्वतः हसतील तेवढीच थट्टा. मध्ये जुने फोटो, संगीत बोलण्याच्या खाली. आणि शेवटचं वाक्य कॅमेऱ्याकडे बघून, अगदी मनापासून. तिथे विनोद नाही, संगीतही नाही.

"आणि ते रमणभाईंनी बोलायचं," किंजल म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. रमणभाई आमचे मशीन शॉपचे उस्ताद. ऐन दिवाळीच्या तोंडावर नीलाताईंनी त्यांचा शाफ्टचा अख्खा लॉट परत पाठवला होता. तेव्हापासून ताई समोर उभ्या असल्या तरी हे शेजारच्याला सांगणार, "बेनला सांग, माल तयार आहे." आता ताई निघाल्या, तर हा अबोला असाच राहणार की काय, याचीच मला धास्ती होती.

*

पहिला किस्सा कँटीनचा घेतला. एकदा सेव-उसळ पाणचट झाली. नीलाताईंनी दोन घास खाल्ले, उठल्या आणि पातेल्यालाच लाल स्टिकर चिकटवलं! कँटीनचे आचारी महाराज, त्यांनी मुकाट्याने परत फोडणी दिली. कॅमेऱ्यासमोर ते पातेलं घेऊनच उभे राहिले.

"बेन, आज चाखून बघा. हिरवं द्यावंच लागेल!"

*

दुसरा ऑडिटचा. एक साहेब आमचा माल तपासायला आले, स्वतःचं मायक्रोमीटर घेऊन. ताई गोड आवाजात म्हणाल्या, "आधी याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दाखवता?" त्याची मुदत संपलेली! साहेबांनी आमचं मायक्रोमीटर मागून घेतलं. साहेबांचं आणि त्यांच्या कंपनीचं नाव आम्ही स्क्रिप्टमधून काढून टाकलं, उगाच कशाला पाहुण्याची फजिती!

*

शूटिंग चोरून चाललं होतं आणि नेमक्या नीलाताई शॉपमध्ये आल्या. किंजलने थाप मारली, "ताई, सेफ्टीचा व्हिडिओ!"

ताईंनी सगळ्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि एकाच्याही डोळ्याला गॉगल नाही? परत घ्या!"

झालं! अख्खं शूटिंग पुन्हा. म्हणून निरोपाच्या व्हिडिओत आमचा अकाउंटंटसुद्धा सेफ्टी गॉगल लावून गहिवरलाय.

*

राहिले रमणभाई. मी लिहून दिलं होतं, "आपली उणीव आम्हांस सदैव भासेल." त्यांनी वाचलं आणि कागद परत दिला.

"काका, असं माझ्या घरात कोणी बोलत नाही."

"मग तुम्हीच सांगा ना काय ते!"

त्यांनी हातातलं तेलाचं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मशीन बंद करा. कॅमेरा चालू करा." एका टेकमध्ये झालं. किंजलने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "याच्यावर कात्री चालवायची नाही."

*

निरोपाच्या दिवशी हॉल भरला होता. पातेल्याला नीलाताई खळखळून हसल्या, गॉगल बघून तर खुर्चीतच वाकल्या. मग संगीत थांबलं आणि पडद्यावर रमणभाई आले.

"बेन, तुम्ही माझा माल पुष्कळ वेळा परत पाठवला. पण तुम्ही पास केलेला माझा एक पण नग कस्टमरकडून परत आला नाही. माझं नाव तुम्ही राखलं."

नीलाताई उठल्या. पर्समधून हिरवं स्टिकर काढलं, त्यावर सही केली, शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेल्या आणि ते रमणभाईंच्या खिशावर चिकटवलं. टाळ्या, शिट्ट्या, नुसता दंगा!

रमणभाईंनी मान खाली घालून स्टिकर नीट बघितलं. मग थेट नीलाताईंच्या डोळ्यांत बघून म्हणाले,

"वाकडं लागलंय, बेन. परत लावा!"