सुनेच्या ताटातला भात

जया डोंगरवार मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या. लग्नानंतर पुण्याला आल्या आणि कर्वेनगरातच राहिल्या. नवरा गेल्यावर त्यांनी घरातूनच डबे द्यायला सुरुवात केली. कॉलेजची मुलं आणि आयटीतले एकटे राहणारे, अशा सगळ्यांना त्यांच्या हातची चव लागली. पोळ्या करायला एक बाई येत असे, पण भात त्या कुणाच्या हाती देत नसत. धानाच्या मुलखात वाढलेल्या जयाबाईंना परक्या माणसाला भाताला हात लावू देणं म्हणजे देवघर दुसऱ्याला उघडून देण्यासारखं वाटायचं.

त्यांच्या सुनेला, श्रद्धाला, शाळेत असल्यापासून डायबेटिस होता. टाइप वन. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतच नाही, म्हणून प्रत्येक जेवणाआधी पोटाला सुई. सुदर्शनने लग्नाचं घरी सांगितलं तेव्हा जयाबाई म्हणाल्या होत्या, "आयुष्यभराचा दवाखाना घरात आणतोयस." सुदर्शनने ते मनावर घेतलं नाही आणि लग्न झालं. श्रद्धा घरात आली ती हसतमुख, कामाला चपळ, सासूला "अहो आई" म्हणत त्यांच्या मागेपुढे असणारी. जेवायला बसली की छोट्या काट्यावर भात तोलायची, त्यातून किती साखर येईल तो आकडा मनातल्या मनात मांडायची, तेवढं इन्सुलिन घ्यायची आणि मग गप्पा मारत जेवायची. त्या काट्याकडे पाहिलं की जयाबाईंना आपलंच ते वाक्य ऐकू यायचं. श्रद्धाला ते कधी कळलं नव्हतं, त्यामुळे त्याची माफीही मागता येत नव्हती.

अशात सोसायटीच्या हॉलमध्ये एक व्याख्यान झालं. मेहजबीन शेख नावाच्या आहारतज्ज्ञ आल्या होत्या. समोर बहुतेक ज्येष्ठ मंडळी, डायबेटिसच्या गोळ्या घेणारी. मेहजबीन म्हणाल्या, "भात किंवा बटाटा शिजवून फ्रीजमध्ये थंड केला, की त्यातल्या काही पिष्टाचं, म्हणजे स्टार्चचं, रूप बदलतं. लहान आतड्यात ते पचत नाही. जेवणानंतर साखर जरा कमी चढते. दुसऱ्या दिवशी गरम करून खाल्लात तरी त्यातला बराच भाग तसाच राहतो."

जयाबाईंच्या मनात ते घर करून बसलं. घरी येऊन त्यांनी श्रद्धाला विचारलंही, "तुला आदल्या दिवशीचा भात चालेल का गं? साखरेला बरा असतो म्हणे."

श्रद्धा हसली. "आई, माझं सगळं गणित बसलंय. मला ताजाच द्या. तुमच्या हातचा वाफाळता भात सोडून शिळा कोण खाईल?"

जयाबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. पण सुनेसाठी काहीतरी करायचं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना. तिच्या वाटचा भात त्या आदल्या दिवशी करू लागल्या. ताटात पसरून वाफ घालवायची, लगेच झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवायचा, आणि जेवणाच्या वेळी पाण्याचा हबका मारून कढईत चांगला गरम करायचा. बटाटेही आदल्या दिवशीच उकडून ठेवायच्या. त्यांच्या हाताला शिळ्याचं ताजं करण्याची कला होती. श्रद्धाला काहीच कळलं नाही. ती नेहमीसारखा भात तोलायची आणि नेहमीएवढंच इन्सुलिन घ्यायची.

काही दिवसांनी ती जेवणानंतर बिस्किटं शोधू लागली. "आज परत खाली गेली साखर," असं सहज बोलून जायची. साखर कमी होतेय म्हणजे भात गुण देतोय, असं जयाबाईंना वाटलं. त्या सुखावल्या.

मग तो रविवार आला. सुदर्शनला वारज्यातला एक फ्लॅट दोघींना दाखवायचा होता. जेवणं उरकून तिघं निघाली. इमारत नवी, लिफ्ट अजून चालू झालेली नव्हती, आणि फ्लॅट वरच्या मजल्यावर. सुदर्शन बिल्डरच्या माणसाबरोबर पुढे गेला. श्रद्धा सासूच्या हाताला धरून चढत होती. मधल्या एका मजल्यावर तिचा हात एकदम ओला लागला. जयाबाईंनी वळून पाहिलं. तिचं कपाळ घामाने डबडबलं होतं, नजर कुठेतरी भलतीकडे होती.

"श्रद्धा, बस जरा."

"कशाला?" ती रागाने म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "मला नका शिकवू." एवढं बोलून तिने पुढची पायरी चुकवली आणि तोंडावर पडली.

जयाबाईंनी सुदर्शनला हाक मारली आणि तिला भिंतीला टेकवून बसवलं. सुदर्शन धावत खाली आला. त्याने तिच्या पर्समधली ग्लुकोजची पूड बाटलीतल्या पाण्यात मिसळली. ती गिळू शकतेय हे पाहून घोट घोट पाजली. बोटाला सुई टोचून पाहिलं, तर साखर शेहेचाळीस, निदान सत्तर तरी हवी होती. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं होतं. जयाबाई पदराने ते टिपत राहिल्या. हळूहळू श्रद्धाची नजर जागेवर आली.

"सॉरी आई," पहिलं वाक्य ती हेच बोलली. "मी तुमच्यावर ओरडले का? माझाच हिशोब चुकला बघा. हल्ली सारखा चुकतोय."

त्याच क्षणी जयाबाईंच्या सगळं लक्षात आलं. ती ज्या भातासाठी इन्सुलिन घेत होती, तो भात तिच्या ताटात नव्हताच.

दुसऱ्या दिवशी श्रद्धा डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आकडे पाहिले, जेवणं मोजण्यात हयगय होतेय का असं जरा करड्या आवाजात विचारलं, आणि जेवणाआधीचं इन्सुलिन कमी करून दिलं. ती घरी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. लहानपणापासून ज्या एका गोष्टीत तिचा स्वतःवर विश्वास होता, तिथलाच तो डळमळला होता. जयाबाईंनी तिला चहा करून दिला आणि सांगायचं ते गिळलं. आता सांगून काय होणार, उद्यापासून ताजा भात वाढू म्हणजे मिटेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मिटलं नाही, उलट झालं. इन्सुलिन कमी केलेलं आणि भात ताजा, त्यामुळे जेवणानंतर साखर अडीचशेच्या वर जाऊ लागली. श्रद्धाने भात निम्मा केला, मग बंदच केला. भात वाढायला जयाबाई उभ्या राहिल्या की ती ताटावर हात आडवा धरायची. "नको आई, मला काही कळेनासं झालंय." तो आडवा हात जयाबाईंना सहन होईना. आपण गुपचूप सुरू केलं आणि गुपचूप बंदही केलं, आणि दोन्ही वेळा भोगलं हिने.

श्रद्धा आहारतज्ज्ञाकडे जायचं म्हणाली, तेव्हा जयाबाईंनी मेहजबीनचंच नाव सुचवलं आणि आपणही येते म्हणाल्या. क्लिनिकमध्ये मेहजबीन आकडे चाळत होत्या. "मधेच हे एवढं खाली, आणि मग अचानक वर. तुमच्या खाण्यात काही बदल झाला होता का?"

"काहीच नाही," श्रद्धा म्हणाली.

"झाला होता," जयाबाई म्हणाल्या. "मी केला होता. तिला न सांगता." आणि त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. श्रद्धाकडे त्यांनी पाहिलं नाही.

मेहजबीननी पेन खाली ठेवलं. "भात शिजतो तेव्हा पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, आतल्या साखळ्या मोकळ्या होतात. त्या मोकळ्या साखळ्या आपले पाचकरस भराभर तोडतात आणि साखर रक्तात येते. थंड झाल्यावर त्यातल्या काही साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. म्हणून शिळा भात कडक लागतो. त्या घट्ट भागात पाचकरसांचा शिरकाव होत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जंतू तो खातात."

"पण गरम केल्यावर तो मऊ व्हायचा," जयाबाई म्हणाल्या.

"मऊ होतो, कारण काही बंध त्या उष्णतेने सुटतात. पण लांब, सरळ साखळ्यांनी बांधलेले बंध कढईतल्या उष्णतेला सहसा दाद देत नाहीत. दिसायला, खायला ताजा, पण पचायला पूर्ण ताजा नाही."

"म्हणजे मी जेवढी साखर धरत होते," श्रद्धा सावकाश म्हणाली, "तेवढी आलीच नाही."

"आली, पण थोडी कमी आणि जरा संथ. फरक फार मोठा नसतो. एरवी बिस्किटांवर निभावलं असतं. पण त्या दिवशी वर जिने चढलात, त्यातही साखर खर्च झाली. गोळ्यांवरच्या बऱ्याच लोकांना हा फरक उपयोगी पडतो. तुम्ही मोजून इन्सुलिन घेता, तुम्हाला तो आधी माहीत हवा." मेहजबीन जयाबाईंकडे वळल्या. "इन्सुलिन घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय करू नये, हे त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. घाईत राहून गेलं."

"तुम्ही दोष नका घेऊ," जयाबाई म्हणाल्या. "मी हिला विचारलं होतं. ही नको म्हणाली होती. तरी मी केलं."

परतताना रिक्षात श्रद्धा बाहेर बघत बसली होती. तशीच बघत ती म्हणाली, "मी वेडी व्हायची पाळी आली होती, आई. डॉक्टरांसमोर मी रडले. तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं."

"हो."

"का नाही सांगितलंत?"

"तू मला चांगली समजतेस," जयाबाई म्हणाल्या. "ते जाईल म्हणून." मग त्यांनी लग्नाआधी काय म्हटलं होतं तेही सांगून टाकलं. दवाखान्याचं वाक्य, जसंच्या तसं.

श्रद्धाने ऐकून घेतलं. "ठीक आहे" असं ती म्हणाली नाही, आणि जयाबाईंना ते योग्यच वाटलं.

डॉक्टरांनी खरं कळल्यावर इन्सुलिन पुन्हा पहिल्यासारखं केलं. काही आठवड्यांत आकडे सरळ झाले. मग एक दिवस श्रद्धा स्वतःच म्हणाली, थंड केलेला भात मला नीट मोजून बघायचाय. डॉक्टरांना विचारून, सुट्टीच्या दिवशी, घरी बसून, दर थोड्या वेळाने साखर तपासत. भात जयाबाईंनी केला, तोलला श्रद्धाने.

आताशा श्रद्धा कधी थंड केलेला भात खाते, कधी ताजा. पण जेवायला बसली की वाढण्याआधी दर वेळी विचारते, "आई, हा कधीचा?" आवाजात राग नसतो, संशयही नसेल कदाचित. तिला ते विचारावंच लागतं. जयाबाईंना मात्र रोज तो प्रश्न आत कुठेतरी लागतो. त्या हातातलं भांडं खाली ठेवतात, तिच्याकडे बघतात आणि खरं काय ते सांगतात.