पाच भाषांत पाणी

फोन आला तेव्हा चारुलता पोळ्या करत होती. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचे उदयसिंह दारातूनच ओरडले, "भाभीजी, कोइम्बतूर से फोन है, जल्दी आइए!" तिने गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानेच धावली.

फोनवर नीरज होता. मिल बंद पडल्यावर तिच्या नवऱ्याबरोबर, वासुदेवबरोबर, तोही कोइम्बतूरकडच्या पॉवरलूमवर गेला होता. "वहिनी, घाबरू नका," तो म्हणाला, आणि हे तीन शब्द ऐकताच तिने बूथमधलं स्टूल ओढून घेतलं. वासुदेवचा उजवा हात मागाच्या पट्ट्यात सापडला होता. ऑपरेशन झालं होतं, पण आता ताप चढला होता आणि जखम चिघळली होती. "डॉक्टर म्हणतात, घरचं कोणीतरी पाहिजे. मला कारखान्यातून सुट्टी मिळत नाहीये."

चारुलता इंदूरच्या राजेंद्र नगरमध्ये राहायची. फार झालं तर उज्जैन आणि देवास, लग्नकार्यासाठी एकदा खंडवा, एवढाच तिचा प्रवास, तोही नेहमी कोणाच्या तरी मागे मागे. वासुदेव मिलच्या विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होता तोवर बाहेर जायचं कारणच पडलं नाही. मिलचा भोंगा बंद झाला आणि घरं पांगली. कुणी ऑटो घेतला, कुणी चहाची गाडी टाकली, वासुदेव मागांच्या मागे दक्षिणेत गेला. धाकटा दीर शाम इंदूरजवळच्या पीथमपूरला नव्या कंपनीत लागला होता. तो म्हणाला, "वहिनी, मी आलो असतो, पण इथे सुट्टी मागितली की दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दुसरा उभा असतो." त्याचे डोळे भरले होते. चारुलताने त्याला आग्रह केला नाही. एकटीनेच जायचं ठरलं.

तिला सर्वांत जास्त भीती वाटत होती ती तोंड बंद पडण्याची. चोर-भामटे तर होतेच, पण तहान लागली आणि सांगता आलं नाही तर? कोण कुठे उतरवेल, कोण काय समजेल? शेवटी ती इंदिराबाईंकडे गेली. इंदिराबाई यात्रा कंपनीच्या बसबरोबर स्वयंपाकीण म्हणून रामेश्वर, तिरुपती, गुरुवायूर असं फिरून आलेल्या. मसाले कुटता कुटता त्या म्हणाल्या, "बस इथे. तीन गोष्टी बोलता आल्या की माणूस मरत नाही. पाणी, जेवण, आणि आभार. पाच भाषांत शिकवते. दोन तर तुला येतातच."

"येतात, काकू?"

"अगं, आपलं पाणी, हिंदीचं पानी. जेवण आणि खाना. दोन्हीकडे धन्यवाद. नागपूर, बल्लारशापर्यंत तुझी जीभ चालेल. पुढे वरंगल, विजयवाडा, तिकडे तेलुगू. पाणी म्हणजे नीळ्ळु. प्यायचं पाणी मंचिनीळ्ळु. जेवण भोजनम्, ते आपलंच. आभार म्हणजे धन्यवादालु. आणि हवंय म्हणायचं असलं तर शेवटी कावालि."

चारुलता म्हणत गेली. नीळ्ळुतला ळ जिभेवर दोनदा दाबायचा, हे इंदिराबाईंनी तीन वेळा करवून घेतलं.

"मग तमिळ. पाणी तण्णी. तान्ही लक्षात ठेव, तहानेली तान्ही. जेवण साप्पाडु. आभार नंद्री. हवंय म्हणजे वेणुम्. अजून पुढे केरळ आलं की मल्याळम. वेळ्ळम् पाणी, भक्षणम् जेवण, नन्नी आभार. हवंय म्हणजे वेणम्. कोइम्बतूर केरळच्या दाराशीच आहे, दोन्ही भाषा कानावर पडतील. पण एक ध्यानात ठेव. तमिळ माणसापुढे वेळ्ळम् म्हणालीस तर तो घाबरेल. त्यांच्यात वेळ्ळम् म्हणजे पूर."

"पूर?"

"नदीचा पूर! मी एकदा म्हटलं होतं आणि दुकानदार बाहेर आभाळ बघायला आला." इंदिराबाई हसल्या, पण चारुलताला हसू आलं नाही. आभाराचं त्या म्हणाल्या ते मात्र तिला बरं वाटलं. "गावाकडची माणसं आभार बिभार तोंडाने फारसं म्हणत नाहीत. शब्द सुचला नाही तर हात जोड आणि डोळ्यांत बघ. पुरतं."

गाडी इंदूरहून निघाली तेव्हा स्टेशनवर मुलगी शर्वरी खिडकीची दांडी धरून चालत राहिली. चारुलता हसून हात हलवत होती आणि मनात घोकत होती. नीळ्ळु, भोजनम्, धन्यवादालु. तण्णी, साप्पाडु, नंद्री. वेळ्ळम्, भक्षणम्, नन्नी. इटारसीपर्यंत सगळं जागेवर होतं. नागपूरला समोरच्या बाकावरचं मराठी कुटुंब उतरलं. बल्लारशानंतर डब्यातलं बोलणं हळूहळू बदललं, जणू कुणी रेडिओची सुई फिरवली. ती बॅग पोटाशी घेऊन बसली. उठली तर जागा जाईल आणि जागा गेली तर बॅग जाईल, असं तिला सारखं वाटत होतं.

दुपारी घरून आणलेलं पाणी संपलं. आंध्रातलं ऊन खिडकीतून अंगावर येत होतं. एका स्टेशनवर गाडी थांबली आणि पाण्याचा माणूस बाटल्यांची बादली घेऊन गेला तेव्हा तिच्या तोंडून सवयीने "पाणी, भैया" निघालं. त्याने मान वळवली, काहीतरी विचारलं आणि पुढे चालू लागला. ती उभीच राहिली, घसा कोरडा, गाडी वेग घेते की काय अशी धास्ती. मग जीभ जड झालेली असतानाही तिने म्हटलं, "मंचिनीळ्ळु... कावालि."

तो थांबला. परत येऊन त्याने बाटली हातात दिली आणि भराभर बोलत सुटला. तिला वाटलं रागावला. समोरच्या म्हातारबाबांनी हिंदीत सांगितलं, "पूछता है, आप तेलुगू जानती हैं?" चारुलताने नाही म्हणून मान हलवली. धन्यवादालु विसरली. तिने नुसते हात जोडले. पाण्यावाला हसला आणि गेला.

एक बाटली मिळाली म्हणून भीती गेली असं नाही. ती पुढच्या स्टेशनाकडे सरकली एवढंच. काटपाडी, सेलम, ईरोड अशी नावं जात राहिली आणि प्रत्येक नावाबरोबर वासुदेव जवळ येत होता. आता तिला पोहोचण्याचीच भीती वाटू लागली. तिथे काय दिसेल?

कोइम्बतूरला नीरज आला होता. तिला रिक्षाने दवाखान्यात आणून वॉर्डाच्या दारापर्यंत सोडलं आणि तो म्हणाला, "कारखान्यात माझी पाळी सुरू होतेय, वहिनी. संध्याकाळी येतो." आणि निघून गेला.

वासुदेवला ओळखायला तिला क्षणभर लागलं. गाल बसलेले, ओठांवर पांढरी सालं. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, डाव्यात सलाइनची सुई, तो हात पलंगाला बांधलेला. डोळे अर्धे उघडे, पण तिला बघत नव्हते. ओठ हलत होते. तिने कान लावला. "पाणी," तो म्हणत होता. "पाणी... पाणी."

काही महिने इथे काढलेला माणूस. त्याला तण्णी ठाऊक असणारच. पण तापात तो थेट इंदूरला जाऊन पडला होता, आपल्याच मोरीपाशी.

चारुलता दाराकडे धावली. पांढऱ्या टोपीतली तरुण नर्स औषधांचा ट्रे घेऊन येत होती. "सिस्टर, पाणी! त्यांना पाणी पाहिजे! पानी!"

नर्सने मान डोलावली, समजल्यासारखी. वासुदेवच्या कपाळावर हात ठेवला, थर्मामीटर बघितलं आणि धीराच्या आवाजात म्हणाली, "पनि कुरञ्ञु." मग बोटाने गोळी दाखवली.

चारुलताला काही कळेना. ती पुन्हा "पाणी, पाणी" म्हणाली. नर्स पुन्हा तेच म्हणाली, जरा मोठ्याने, "पनि कुरञ्ञु, चेच्ची." आणि कपाळावरचं ओलं फडकं नीट केलं. ही मला हो म्हणतेय की नाही म्हणतेय? पाणी द्यायची मनाई आहे का? वासुदेवचे ओठ अजून हलत होते. जिभेवर शब्दांची गर्दी झाली आणि बाहेर पडला तो आधीच्या प्रांतातला. "मंचिनीळ्ळु!"

नर्स गोंधळली.

"तण्णी," चारुलता रडतच म्हणाली. ओठांकडे बोट केलं, वासुदेवच्या ओठांकडे केलं. "तण्णी वेणुम्. तण्णी."

नर्सच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला. "तण्णी? वेळ्ळम्?"

वेळ्ळम्! हा शब्द ओळखीचा होता. "वेळ्ळम्, वेळ्ळम्! हो!"

"अय्यो," नर्स म्हणाली. तिने वासुदेवकडे बघितलं, मग चारुलताकडे, आणि तोंडावर हात ठेवला. ती केरळची होती. तिच्या भाषेत पनि म्हणजे ताप, कुरञ्ञु म्हणजे उतरला, आणि चेच्ची म्हणजे ताई. आदल्या दिवसापासून हा रुग्ण "पाणी, पाणी" म्हणत होता आणि ती दर वेळी कपाळाला हात लावून, औषध देऊन, ताप उतरतोय असं त्याला समजावत होती. नीरज सकाळी येऊन जायचा तेव्हा भांडंभर पाणी पाजायचा, तेवढंच त्याच्या पोटात जात होतं.

नर्सने डॉक्टरांना विचारून घेतलं. मग स्वतः वाटी आणि चमचा घेऊन आली. चमच्याचमच्याने पाणी ओठांत गेलं. पहिले दोन बाहेर आले. तिसरा गिळला गेला. त्याच्या गळ्याची घाटी हललेली बघून चारुलता पलंगाच्या पायाशी जमिनीवरच बसली.

काही वेळाने वासुदेवने डोळे उघडले. "कोण?" त्याने विचारलं.

"मी. चारू."

"तू कशी आलीस?" आणि त्याचे डोळे पुन्हा मिटले.

ती नर्सकडे वळली. नन्नी म्हणायचं की नंद्री, तिला आठवेना. दोन्ही म्हणाली. नर्सने मान हलवली, काहीतरी पुटपुटली, ओशाळल्यासारखी, आणि वासुदेवच्या पायांवरची चादर उगाचच सारखी केली.

शेजारच्या पलंगाजवळ एक तमिळ म्हातारी मुलाची सोबत करत होती. चारुलताचा चेहरा बघून तिने विचारलं, "साप्पिट्टाच्चा?" चारुलताने त्यातला साप्पा ओळखला. जेवलीस का, असंच असणार. तिने नाही म्हणून मान हलवली. म्हातारीने डब्यातला दहीभात झाकणावर काढून तिच्यापुढे ठेवला. दोन दिवसांत चारुलताने धड काही खाल्लं नव्हतं. ती खात होती आणि डोळ्यांतून पाणी भातात पडत होतं. म्हातारीने तिकडे बघितल्याचं दाखवलं नाही.

भीती त्या दिवशी संपली नाही. पुढचे दिवस ताप चढायचा, उतरायचा, आणि प्रत्येक सकाळी डॉक्टर पट्टी सोडायला आले की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. एका सकाळी डॉक्टर पट्टी बघून हसले आणि हिंदीत म्हणाले, "हाथ बच गया." दोन बोटं मात्र परत वळली नाहीत.

ते घरी आले. वासुदेव पुन्हा मागावर बसला नाही. डाव्या हाताने काम शिकायला त्याला वेळ लागला, पण शामच्या ओळखीने पीथमपूरच्या एका गोदामात त्याला जागा मिळाली. चारुलताने महाराष्ट्रातून आलेल्या, नव्या कंपन्यांत लागलेल्या मुलांसाठी डबे सुरू केले. शेजारणी कौतुकाने तिला विचारायच्या, एकटीने एवढ्या लांब गेलीस, भीती नाही वाटली? ती खरं तेच सांगायची. वाटली, पूर्ण रस्ताभर वाटली, अजूनही स्टेशनवर उभं राहिलं की बॅग पोटाशी धरते. मग पोळीखालचा गॅस कमी करून म्हणायची, "पण डबा द्यायचाय, बाई, बसायला वेळ नाही."