भंडाऱ्यातला चेहरा

भवानीनगरात माझं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान आहे. साखर कारखाना चालू असला की मळीचा वास आत येऊन बसतो आणि दिवसभर अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. तशाच एका सकाळी कळंबच्या काकू आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न मीच शूट केलं होतं. पुढं तीन महिन्यांत काकूंचे यजमान वारले, आणि तो व्हिडिओ न्यायला घरातलं कुणी आलंच नाही.

"हळदीच्या दिशी ह्ये ढोलावर धनगरी गजी नाचलं म्हनं," काकू म्हणाल्या. "मी आत पावण्यांच्या पंगतीत. बगितलंच न्हाय. आज दुपारी लेक येतीया, तवर द्या दादा. आन तुकडं नगा करू."

लग्नाचा व्हिडिओ तीन तासांचा, आणि त्यांचा जुना टीव्ही चार जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नव्हता. एवढ्यात बसवायचं तर दोन वाटा. ग्राफिक्स कार्डाकडून एक्सपोर्ट केलं तर वीस मिनिटं. प्रोसेसरकडून सॉफ्टवेअरनं, दोनदा सगळं चाळून, सावकाश केलं तर चार तास. पण तेवढ्याच जागेत चित्र जास्त नीट. मी मूळचा उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. कार्ड निवडलं. मांडव, मंगलाष्टका वरवर पाहिल्या, ठीक होत्या. नाच पाहिलाच नाही.

दुपारी पेनड्राइव्ह घेऊन मीच गेलो. मायलेकी टीव्हीसमोर बसल्या. ढोल सुरू झाला, भंडारा उधळला आणि सगळी चौकट पिवळी झाली. उडणारा कण न् कण वेगळा हलत होता. इतकं सारं त्या थोड्या जागेत मावेना. माणसांचे नुसते पिवळे चौकोन झाले. काकू उठल्या आणि पदरानं टीव्हीची काच पुसू लागल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काचेवर काय न्हाय, काकू. माझीच घाई झाली," मी म्हणालो. मुलगी म्हणाली, "मी उद्याबी हाय हितंच."

दुसऱ्या सकाळी सॉफ्टवेअर लावलं आणि शेजारी बसून राहिलो. टक्के एकेक करून सरकत होते. उन्हाचा पट्टा टेबलावरून भिंतीवर गेला. कुठल्याच कामाला इतका वेळ द्यावा असं मला आधी वाटलं नव्हतं. या वेळी नाच आधी पाहिला, मगच निघालो.

पुन्हा ढोल, पुन्हा भंडारा. धूसर होतंच थोडं, पण आता त्या पिवळ्यात यजमानांचा चेहरा होता. घामाघूम, हसरा. नाचता नाचता ते थबकले, घराच्या दाराकडं पाहिलं आणि भुवया उंचावून हलकंच डोळ्यानं खुणावलं. एवढंच. मग पुन्हा रिंगणात मिसळले.

काकूंनी ते तीनदा मागं घ्यायला लावलं.

"मला बोलवत हुतं," त्या म्हणाल्या. "आन मी भात वाढत हुते."