पाळी संपल्यावर ये

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीतल्या एका लहानशा बायकांच्या दवाखान्यात मी नर्स होते. आमच्याकडे एक अलिखित नियम होता. अंगावरून जात असलेल्या बाईला तपासणीच्या टेबलावर घ्यायचं नाही, पाळी संपल्यावर न्हाऊन ये म्हणायचं. घरातला विटाळ आम्ही दवाखान्यात आणून बसवला होता आणि वर त्याला स्वच्छता म्हणत होतो. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

दर्यापूरकडची विशीतली एक सून सासूबरोबर आली. दोन महिन्यांपूर्वी तिचा गर्भ पडला होता आणि सुईणीने घरीच सगळं उरकलं होतं.

"तवापासून मंधामंधात जाऊनच राह्यलं, बाई. ओटीपोटात लय दुखते. अंगात कणकण रायते." घाण वास येतो, हे तिने सासूकडे न बघता हळूच सांगितलं.

"आज जातंय का?" मी विचारलं.

"हो."

"मग थांबल्यावर ये."

सासू म्हणाली, "मी तेच म्हणत होती. बाहेर बसलेलीले एसटीत काहून बसवतं, म्हणून शेजारच्या बायाबी बोलल्या."

ज्या रक्तासाठी ती आली होती, त्याच रक्तासाठी मी तिला परत पाठवलं. डॉक्टरीणबाई पलीकडच्याच खोलीत होत्या. त्यांना विचारण्याइतकीही अक्कल मला सुचली नाही.

रक्त पुरतं थांबलंच नाही, म्हणून ती आलीच नाही; चार महिन्यांनी तिला उचलूनच आणलं. ताप चढलेला, पोटाला हात लावू देईना. डॉक्टरीणबाईंनी त्याच रक्तात तिला तपासलं आणि सासूकडून आधीचं ऐकून माझ्यावर कडाडल्या, "ही पाळी नाही. गर्भाशयात शिरलेला जंतू बीज वाहणाऱ्या नळ्यांपर्यंत पोचलाय, पू झालाय. हे रक्त म्हणजेच रोगाची खूण आहे. सुरुवातीलाच औषध मिळालं असतं, तर नळ्या वाचण्याची आशा होती."

पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं मीच दिली, दिवसामागून दिवस. ताप उतरला, दुखणं गेलं, रक्त थांबलं. ती हसत घरी गेली, तेव्हा मलाही सुटल्यासारखं वाटलं. किती मूर्ख होते मी.

दोन वर्षांनी ती पुन्हा आली. दिवस राहत नव्हते आणि घरात नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. नळ्या मोकळ्या आहेत का, ते बाईंनी त्यांत हवा सोडून पाहिलं. हवा पुढे जाईना. सुजेने आत व्रण धरून दोन्ही नळ्या बंद झाल्या होत्या.

सासू बाहेर कोणाला तरी सांगत होती, "आमचंच नशीब खोटं." मला तिचा राग आला, आणि लगेच कळलं की तो तिच्यावर काढायचा मला हक्क नाही.

सुनेने लुगडं सारखं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. "सिस्टरबाई, मी तं पयलेच आली होती ना?"

"आली होतीस," मी म्हणाले. "मीच परत पाठवलं."