चोवीस वेळा थांबलेलं घड्याळ

सुरेखा मॅडमचा राग अख्ख्या तीर्थपुरीला माहीत होता. शाळेच्या मैदानावर त्यांची शिट्टी वाजली की रस्त्यावरची माणसंसुद्धा सरळ चालायला लागायची. बावीस वर्षं त्या शारीरिक शिक्षण शिकवत होत्या आणि बावीस वर्षं चिडत होत्या. चुन्याच्या रेघा वाकड्या मारल्या म्हणून, पोरी रिबिनी बांधत बसल्या म्हणून, नेमकं सामन्याच्या दिवशी कुणाच्या मावशीचं लग्न निघालं म्हणून. माणूस मात्र सोन्याचा. केदारखेड्याच्या कचरू शेतकऱ्याची ही लेक जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळलेली. उजवा गुडघा गेला, खेळ सुटला आणि सगळी कबड्डी जिभेत उतरली, असं शिक्षकांच्या खोलीत तिच्या माघारी म्हणायचे. समोर म्हणायची छाती कुणाची नव्हती.

फुटबॉल त्यांच्या गळ्यात पडला तो हेडमास्तरांमुळे. मुलींचा संघ काढा असा कागद आला, हेडमास्तरांनी तो सुरेखा मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि ते रजेवर गेले. मॅडमनी आधी तीन दिवस आदळआपट केली. मग नियमांचं पुस्तक पाठ केलं आणि तीन वर्षांत असा संघ उभा केला की जालन्याच्या शाळाही त्यांच्याशी खेळायला कचरू लागल्या. मैदान मात्र जसंच्या तसं राहिलं. एका अंगाला वर्गखोल्या, दुसऱ्या अंगाला मच्छिंद्र पाटलांचं वावर, मध्ये कुंपण नाही. जोरात लाथ बसली की चेंडू थेट कमरेएवढ्या पराटीत. मग दोघीतिघी कपाशीच्या झाडांत वाकून शोधत फिरायच्या आणि बाकीच्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

या संघाचा जीव होता गजाला. सोळा वर्षांची, काटकुळी, बोलायला लाजरी. मधल्या फळीत खेळायची. पुढे पळायचं, चेंडू द्यायचा, लगेच मागं पळत यायचं, पुन्हा पुढे. तिची आई मैमूना घरी शिवणकाम करायची. पोरीच्या खेळावर तिचा आक्षेप नव्हता, पण धास्ती होती. नवरा धावपळीतच छातीला हात लावून गेलेला. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

यंदा जिल्हा संघाच्या निवडीला नवीन टूम निघाली. निवड करणारे अतिक सर जालन्याचे, स्वभावाने थंड, कागदाला पक्के. त्यांनी प्रत्येक शाळेला छातीचे ठोके मोजणारे दोन पट्टे आणि दोन घड्याळं पाठवली. पट्टा ओला करून छातीला बांधायचा, घड्याळ मनगटावर. सराव सामना तासाभराचा खेळायचा आणि घड्याळं परत धाडायची. मॅडमनी एक संच गजालाला दिला आणि दुसरा पुढच्या फळीतल्या आकांक्षाला. आकांक्षा वेगाने पळण्यात सगळ्यांत पुढे.

आठ दिवसांनी यादी आली. आकांक्षाचं नाव होतं. गजालाच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘ठोक्यांची सरासरी १७४. तंदुरुस्ती अपुरी.’

तो कागद मैमूनाच्या हाती पडला आणि तिने एका वाक्यात निकाल लावला. गजालाचे बूट माळ्यावर गेले.

मॅडम तणतणत जालन्याची बस धरून अतिक सरांच्या कचेरीत पोचल्या. पाणी दिलं, तेही घेतलं नाही.

“सर, तुमचं यंत्र खोटं हाय. जी पोरगी तासभर थांबत न्हाई, ती अनफिट? आन जी निम्मा वेळ उभी राहती, ती फिट?”

“मॅडम, बसा तर खरं,” अतिक सर म्हणाले. “मी नावं बघून न्हाई, आकडे बघून काम करून राह्यलो. आकांक्षाची सरासरी एकशे एक्कावन्न, गजालाची एकशे चौऱ्याहत्तर. एकच सामना, एकच ऊन. बराबर?”

“सरासरी घालता का चुलीत! मच्छिंद्र पाटलाचं वावर जळालं आन गावाची आणेवारी चांगली निघाली, तर त्याचं वावर पिकलं का?”

अतिक सरांनी हसू दाबलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. पडद्यावर दोन रेघा होत्या. आकांक्षाची रेघ सलग, डोंगर आणि उतार असलेली. गजालाची म्हणजे नुसती शेंड्यांची रांग. सगळं वर, खाली काहीच नाही. मॅडमना आधी वाटलं, पोरीला खरंच काही झालंय की काय. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली.

“हे चौतीस मिनिटं कशाचं?”

“रेकॉर्ड झालेला वेळ.”

“सामना तर साठ मिनिटांचा झाला.”

“हां, मंग पोरीनं घड्याळ मधी मधी थांबवलं असंल. चोवीस वेळा थांबवलंय बघा.”

सामन्याच्या सकाळी आपण काय सांगितलं होतं ते मॅडमना लख्ख आठवलं. चेंडू पराटीत गेला की घड्याळ बंद, खेळ सुरू झाला की चालू, शोधाशोधीचा वेळ खेळात धरायचा नाही. कबड्डीत पंचांनी वेळ थांबवली की घड्याळ थांबतं. मॅडमच्या हाडात तेच मुरलेलं, आणि फुटबॉलचं घड्याळ थांबत नसतं हे पुस्तकात वाचूनही तोंडातून कबड्डीच निघाली होती. आकांक्षाने नेहमीप्रमाणे या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. गजालाने शब्द न् शब्द पाळला. म्हणून आज्ञाधारक पोरीच्या नोंदीत फक्त पळणं उरलं आणि दम घेण्याचा वेळ सगळा गळाला. नुसतं दुपारचं ऊन मोजायचं आणि म्हणायचं, तीर्थपुरीला संध्याकाळ होतच नाही, असला हा प्रकार.

“सर,” त्या म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की आवाज चिरकला, “यंत्र बरोबर हाय. येडी मी हाय.” आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

अतिक सरांनी ऐकून घेतलं. “ठीक हाय. पर जे मोजलंच न्हाई त्याचं मी काय करू? रिकाम्या जागेला मार्क कसे देऊ?”

इथं दुसरं कुणी असतं तर परत फिरलं असतं. मॅडमनी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून पडद्याला नाक लावलं. घड्याळ थांबलं तेव्हाचा ठोका होता, वेळ होती. पुन्हा चालू झालं तेव्हाचाही ठोका आणि वेळ होती. मधली रेघ नव्हती, पण दोन्ही काठ होते.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “थांबलं तवा किती?”

“एकशे ब्याऐंशी.”

“परत चालू कवा झालं?”

“पन्नास सेकंदांनी. एकशे चौतीस.” अतिक सर जरा पुढे सरकले. पुढचा थांबा त्यांनी स्वतःच वाचला. मग त्याच्या पुढचा. सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत एकशे चौऱ्याऐंशीवर असलेले ठोके पन्नास सेकंदांत एकशे एकोणचाळीसवर आले होते. पळणं थांबलं तरी ठोके दोन-चार सेकंद चढतच राहतात, म्हणजे खरी उतरण याहून थोडी मोठीच असणार, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मग आकांक्षाच्या रेघेवर तेच क्षण काढले. चेंडू पराटीत, दोघी उभ्या. आकांक्षाचे ठोके एकशे त्र्याऐंशीवरून तेवढ्याच वेळात एकशे सदुसष्ट. ती पळालीच कमी, मोठ्या धावा अवघ्या नऊ, आणि मधला बहुतेक वेळ चालत होती, म्हणून सरासरी कमी.

“सरासरीनं मेहनत किती झाली ते कळतं,” अतिक सर पुटपुटले. “दम किती हाय ते न्हाई कळत. दम कळतो उतरणीवर.”

“आठ दिवसांपूर्वी कळलं असतं तर बरं झालं असतं.”

“मॅडम, घड्याळ तुम्ही थांबवायला लावलं.”

मॅडमनी मघाशी नाकारलेला पाण्याचा ग्लास ओढला आणि एका दमात संपवला.

अतिक सर कागदाला पक्के होते हे आधी सांगितलंच. दुसऱ्या दिवशी ते स्वतः मैदानावर आले. गजालाला बोलावून आणायला मॅडमना मैमूनाच्या दारात तासभर उभं राहावं लागलं. “बस एक बार, मी स्वतः सोबत येणार,” या अटीवर मैमूना कबूल झाली. तीस मीटरच्या सहा धावा, मध्ये पंचवीस सेकंदांची विश्रांती. पहिली धाव आकांक्षाने जिंकली, चार पूर्णांक नऊ सेकंद. गजालाला पाच पूर्णांक एक लागले. सहाव्या धावेला आकांक्षा पाच पूर्णांक नऊवर गेली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. गजाला पाच पूर्णांक तीनमध्ये आली. अतिक सरांनी खिशातून यादी काढली आणि गजालाचं नाव तिच्यात लिहिलं. आकांक्षाचं खोडलं नाही, पण नंतर तिला समोर बसवून पुढच्या महिन्याचा सराव आखून दिला.

राहिली पालकाची सही. मैमूना घड्याळाकडे बघायलाही तयार नव्हती.

“मला वो आकडे नका दाखवू,” ती म्हणाली. “एकदा दाखवले, तवापासून झोप न्हाई.”

मग तिने गजालाला जवळ ओढलं आणि धावून आलेल्या लेकीच्या छातीवर तळवा ठेवला. आत धाडधाड चाललेलं होतं. मैमूनाचा चेहरा उतरला. हात काढू नका, असं मॅडमनी फक्त खुणावलं. मिनिट झालं. मैमूनाने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा पोरीच्या तोंडाकडे. “उतरून राह्यलंय,” ती हळूच म्हणाली आणि तिथेच मातीत बसली. तिने सही केली. पेन परत देताना मात्र तिचा राग उफाळून आला.

“चूक तुमची होती ना मॅडम? मंग माफी माझ्याकडं न्हाई, तिच्याकडं मागा.”

बावीस वर्षांत सुरेखा मॅडमनी कुठल्या विद्यार्थिनीची माफी मागितली नव्हती. वाकड्या रेघांवर, रिबिनींवर, मावशीच्या लग्नांवर त्या हक्काने चिडल्या होत्या. आज चिडायला समोर कुणी नव्हतं. त्या गजालाकडे वळल्या.

“पोरी, माझं चुकलं. तुला चुकीचं सांगितलं मी. आन तुला माहीत होतं ना, घड्याळ मी थांबवायला सांगितल्तं? मंग यादी आल्यावर बोलली का न्हाईस?”

गजाला बुटाच्या टोकाने माती उकरत राहिली.

“तुम्ही चुकला असाल, हे मनातच आलं न्हाई, मॅडम,” ती म्हणाली. “मी मलाच खराब समजून राह्यले होते.”