दोनने न गुणलेलं समीकरण

रसायनशास्त्राच्या बाई बावीस वर्षं शिकवत होत्या आणि रागासाठी शाळेत प्रसिद्ध होत्या. त्या दुपारी तपासणी केंद्रावर बोर्डाच्या परीक्षेचे पेपर तपासताना मात्र त्या अक्षरशः पेटल्या. दिलेली तीन समीकरणं जोडून कार्बन आणि हायड्रोजनपासून मिथेन तयार होतानाची एन्थाल्पी, म्हणजे उष्णतेतला बदल, काढायची होती. नमुना उत्तरात मिथेनच्या ज्वलनाचं समीकरण उलटं करून चिन्ह बदललं होतं, पण हायड्रोजन जळून पाणी होण्याचं समीकरण दोनने गुणलंच नव्हतं. त्यामुळे उणे ७४.८ किलोजूलऐवजी अधिक २११ आलं होतं.

त्या तडक मुख्य परीक्षकांकडे गेल्या.

“सर, पाण्याचे रेणू दोन आणि उष्णता एकाचीच?”

“बाई, वरून आलंय तसं तपासा. निम्मे गठ्ठे झालेत.”

“म्हणजे निम्म्या मुलांचे गळे कापून झाले! फोन लावा, नाहीतर मी लावते.”

सरांनी कपाळाला आठ्या घालत फोन लावला. तासाभरात दुरुस्ती आली. सगळे गठ्ठे पुन्हा उघडावे लागले आणि हॉलभर लोकांनी बाईंच्या नावाने बोटं मोडली. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. सकाळपासून आपणही डोळे झाकून नऊ बरोबर उत्तरांना शून्य दिलं, हा संताप मात्र घरी पोचल्यावरही उतरला नाही.