खात्रीशेठचं प्रतिज्ञापत्र

खात्रीशेठ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चाळीस वर्षं लोकरीचं दुकान चालवताना "याची खात्री काय?" हा प्रश्न त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा विचारला, की बाजाराने त्यांचं बारसं पुन्हा करून टाकलं. घाऊक व्यापाऱ्याकडून आलेला लोकरीचा गठ्ठा ते घरच्या काट्यावर पुन्हा तोलत, आणि गिऱ्हाइकाला जाणारी प्रत्येक लडही. एका डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्याला दाखवून मगच घेत. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघत आणि चार पायऱ्या उतरल्यावर परत वर जाऊन चौथ्यांदा ओढत. यात कुणाचं वाईट व्हावं असा हेतू मुळीच नव्हता. जग फसवायला टपलेलं आहे आणि आपण डोळ्यांत तेल घालून बसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचा म्हणून दुकानांची ती अख्खी रांग पाडली गेली. लोकर घरी आली. पुढची खोली कपाटांनी भरली, आणि दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या भाचीने चार रविवार खर्चून मामाला वेबसाइट करून दिली. ती वेबसाइट एका होस्टिंग कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली होती, म्हणजे दुकान आपलं आणि जागा दुसऱ्याची. हे शेठना लगेच समजलं, कारण भाड्याच्या जागेवरून उठवलं जाण्याचा अनुभव ताजा होता. भाचीने पासवर्ड दिला तो त्यांनी कागदावर लिहून सुयांच्या डब्यात ठेवला. तो बायकोलाही माहीत नव्हता.

दुकान चाललं. विणकाम करणाऱ्या जुन्या बायका घरबसल्या लोकर मागवू लागल्या. आता मात्र थंडी तोंडावर आली होती, वर्षाची निम्मी विक्री ज्या दोन महिन्यांत होते ते महिने समोर उभे होते, आणि तीन आठवड्यांत एकही ऑर्डर नव्हती. बायकोने विणता विणता मान वर न करता सांगून टाकलं होतं, की हा हंगाम असाच गेला तर कपाटं रिकामी करू, लोकर वाटून टाकू आणि पुढच्या खोलीत माणसांना बसायला जागा करू. ती बोलल्याप्रमाणे करते, याची मात्र शेठना पूर्ण खात्री होती.

कारण कळलं ते मोठ्या बाईंच्या फोनमुळे. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, एकतीस वर्षांच्या गिऱ्हाईक. दर थंडीत त्या इस्पितळातल्या नवजात बाळांसाठी टोपरी विणत, आणि लोकर शेठकडूनच घेत. त्या म्हणाल्या, "शेठ, तुमच्या दुकानात पैसे भरायच्या पानावर 'सुरक्षित नाही' असं येतंय. इतर बायकांनाही तेच दिसलं. माझा पुतण्या म्हणाला, असल्या ठिकाणी काही भरू नका. मग यंदा दुसरीकडून घेते हं."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण फोन त्यांनी जरा लवकर ठेवला.

शेठच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने उभ्या आयुष्यात काटा गुंजभर हलू दिला नाही, त्याच्या दुकानावर पाटी 'सुरक्षित नाही'! दोष कुणाचा हे शोधायची त्यांना गरज वाटली नाही. जागा ज्याची, पाटी त्याचीच. त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि होस्टिंग कंपनीला ईमेल लिहायला घेतला. त्याला दोन तास लागले. विषय होता 'विश्वासघात'. मजकूर सात परिच्छेदांचा. 'महोदय, आपल्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे' अशी सुरुवात, 'माझ्या चाळीस वर्षांच्या सचोटीस काळिमा' असा मध्य आणि 'याचे परिणाम आपणांस भोगावे लागतील' असा शेवट. इशारा नेमका कोणत्या पानावर येतो, काय केल्यावर येतो, कोणत्या शब्दांत येतो, एवढंच तेवढं त्यात नव्हतं.

उत्तर तासाभरात आलं. होस्टिंग कंपनीच्या मदतकक्षातल्या बाईंनी लिहिलं होतं, की आपल्या वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र तपासलं, ते वैध आहे आणि संपायला अजून दोन महिने आहेत. इशारा दिसतो त्या पानाचा फोटो पाठवावा.

शेठनी आपली वेबसाइट उघडली. पहिलं पान व्यवस्थित. लोकरीच्या लडींचे फोटो व्यवस्थित. इशारा कुठेच नाही. साध्या माणसाने यावरून निराळा निष्कर्ष काढला असता. शेठनी दुसरा ईमेल लिहिला, की माझं पत्र मिळताच आपण गुपचूप दुरुस्ती केलेली दिसते, पण गेलेल्या तीन आठवड्यांचं काय?

यावर मदतकक्षातल्या बाईंनी फोनच केला. आवाज शांत होता. रोज असे बारा शेठ ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"काका, आम्ही काहीच बदललेलं नाही. तुम्ही असं करा, स्वतःच्या दुकानातून एक वस्तू मागवा. अगदी शेवटच्या पानापर्यंत जा. मी फोनवर आहे."

खरी गोष्ट अशी, की शेठनी आपल्या दुकानातून कधीच काही मागवलं नव्हतं. आपल्याच काय, कुठल्याच. वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन लिहायचा? कशावरून ती माहिती भलत्याच्या हाती जाणार नाही? दोन वर्षं ते लोकांना निर्धास्तपणे ऑर्डर द्या म्हणत होते, आणि ऑर्डर देतात ते पान त्यांनी गिऱ्हाईक म्हणून पाहिलेलंच नव्हतं.

"माझा पत्ता द्यायचा म्हणजे कुणाला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हालाच, काका."

मागे बायकोच्या सुया क्षणभर थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

शेठनी पांढऱ्या लोकरीची एक लड निवडली. शेवटच्या पानावर पोचले, आणि तिथे त्यांना भेटलं त्यांचं प्रतिज्ञापत्र.

हे त्यांचं स्वतःचं काम. महिन्याभरापूर्वी एका बाईने अर्धा स्वेटर विणून झाल्यावर रंग वेगळा निघाला म्हणून लोकर परत पाठवली होती. तेव्हापासून शेठच्या मनाने घेतलं, की गिऱ्हाइकाकडून आधीच लिहून घेतलं पाहिजे. भाचीला विचारावं तर ती नको म्हणाली असती. मग त्यांनी तक्रारीच्या जुन्या पानावरचा फॉर्म उचलला, त्यातले शब्द बदलले, आणि पैसे भरायच्या पानावर अगदी वर नेऊन चिकटवला. एका दुपारीत. बायकोला दोनदा दाखवला. 'मी रंग नीट पाहिला आहे. मी खोटी तक्रार करणार नाही. हे भरल्याशिवाय ऑर्डर स्वीकारली जाणार नाही.' खाली नाव, फोन आणि 'अधिक काही सांगायचे असल्यास' असा एक चौकोन.

आता तेच भरायला ते स्वतः बसले होते. 'मी खोटी तक्रार करणार नाही' हे वाक्य लिहिताना जितकं भारदस्त वाटलं होतं, तितकं वाचताना वाटेना. त्यांनी नावाच्या चौकोनात क्लिक केलं आणि खाली ओळ उमटली, की हा फॉर्म सुरक्षित नाही. कसंबसं भरून त्यांनी 'पाठवा' दाबलं. पान गेलं आणि त्या जागी इशारा उभा राहिला. तुम्ही पाठवत असलेली माहिती सुरक्षित नाही, इतरांना दिसू शकते. खाली दोन पर्याय: मागे जा, किंवा तरीही पाठवा.

त्यांनी वाचून दाखवलं. बाईंनी त्यांना मागे जायला सांगितलं आणि ते पान स्वतःकडे उघडून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, हा वरचा फॉर्म कुणी घातला? शेठ म्हणाले, पासवर्ड फक्त माझ्याकडे असतो. हे उत्तर त्यांनी अभिमानाने द्यायला सुरुवात केली होती. वाक्य संपेपर्यंत अभिमान उरला नव्हता.

बाईंनी न हसता समजावलं. पान https वर आहे, म्हणजे गिऱ्हाईक आणि दुकान यांच्यामधली माहिती बंद पाकिटातून जाते. पण हा फॉर्म जुन्या पद्धतीचा, त्याच्या पोटात पाठवायचा पत्ता नुसत्या http चा आहे, शेवटचा s नाही. म्हणजे पाकिटातून काढून पोस्टकार्डावर लिहिल्यासारखं. ब्राउझरला ते दिसतं, म्हणून तो गिऱ्हाइकाला सावध करतो. प्रमाणपत्राचा यात काही दोष नाही.

"मग एक अक्षर घातलं की झालं?"

"इशारा जाईल. पण काका, हा मुळात तक्रारीचा फॉर्म आहे. ज्यांनी 'तरीही पाठवा' दाबलं असेल, त्यांची ऑर्डर झालेलीच नाही. त्यांची तक्रार नोंदवली गेली असेल. तक्रारींची पेटी बघता ना तुम्ही?"

तक्रारींची पेटी शेठ बघत नसत. तक्रारी खोट्या असतात, हे त्यांना न बघताच माहीत होतं.

बाई पुढे म्हणाल्या, की असं संमतीपत्र हवंच असेल तर दुकानाच्या व्यवस्थेतच नीट करता येतं, सांगितलंत तर मदत करते. शेठ म्हणाले, "कळवतो." फोन ठेवला आणि पेटी उघडली.

अकरा जणींनी इशारा ओलांडून फॉर्म पाठवला होता. प्रत्येकीला 'आपली तक्रार मिळाली, धन्यवाद' असं उत्तर गेलं होतं. लोकर कुणालाच गेली नव्हती. अकरावं नाव मोठ्या बाईंचं, वेळ त्यांच्या फोननंतरची. म्हणजे पुतण्याने नको म्हटल्यावरही त्यांनी भरून पाहिलं होतं. 'अधिक काही सांगायचे असल्यास' या चौकोनात त्यांनी शुद्ध, शाळेतल्या भाषेत लिहिलं होतं:

'एकतीस वर्षांत मी तुमच्याकडे एकदाही लोकर परत केलेली नाही. एकदाही वजन करून पाहिलेली नाही. तरीही लिहून देत आहे.'

शेठनी ते बायकोला वाचून दाखवलं नाही. पण ती उठून मागे येऊन उभी राहिली होती आणि तिला वाचता येत होतं. वाचून ती परत विणायला बसली. काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्यांना फार लाज वाटत होती, आणि लाज कुठे ठेवायची हे त्या वयात नव्याने शिकावं लागत होतं.

त्यांनी प्रतिज्ञापत्र काढून टाकलं. अक्षर घातलं नाही, अख्खा फॉर्मच काढला. पुन्हा एक लड मागवून पाहिली, इशारा आला नाही. मग अकरा फोन केले. दहा जणींनी बघू म्हटलं. मोठ्या बाईंना त्यांनी चूक आपलीच होती असं सरळ सांगितलं. वाक्य नवीन असल्याने अडखळले. बाई "बरं" म्हणाल्या, एवढंच.

होस्टिंग कंपनीला मात्र त्यांनी लिहिलं, 'दोष दूर झाला आहे. संमतीपत्राची आवश्यकता नाही. आभार.' दोष कुणाचा होता याबद्दल ईमेल मौन होता. सात परिच्छेदांवरून तीन वाक्यांवर आलेल्या माणसाकडून एका दिवसात याहून जास्त अपेक्षा करू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑर्डर आली. फिकट पिवळ्या लोकरीच्या बारा लडी, मोठ्या बाईंकडून, पैसे भरलेले. खाली दुकानदारासाठी निरोप लिहायची जागा असते, तिथे त्यांनी लिहिलं होतं:

'या वेळी प्रतिज्ञापत्र दिसले नाही. चुकून राहिले असल्यास कळवावे, भरून देईन.'

शेठनी ते दोनदा वाचलं. मग कपाटातून बारा लडी काढल्या आणि काट्याकडे न जाता बांधायला घेतल्या.